स्वतःला माफीचं पत्र : मसुदा लिहिलाय, पण वाचताना खोटा वाटतोय

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. चारेक वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ३३, पुण्यात राहतो, मेकॅनिकल डिझाइनमध्ये होतो. गेल्या वर्षी जूनमध्ये चांगली नोकरी सोडून शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग पूर्णवेळ सुरू केलं. वर्षभरात अकरा लाख घालवले. या महिन्यात चाकणच्या एका छोट्या कंपनीत आधीपेक्षा कमी पगारावर पुन्हा लागलोय. नोकरी लागली तरी डोकं ताळ्यावर नाही. सकाळी दात घासताना आरशात बघवत नाही, रात्री तीनला जाग येते. एका मित्रानं सुचवलं की स्वतःला माफ केल्याचं पत्र लिही. लिहिलं. ते असं :

"प्रिय स्वतःस, गेलं वर्ष तुझ्यासाठी फार कठीण होतं. परिस्थितीच अशी होती की काही निर्णय चुकले. पैसे गेले. घरात थोडे गैरसमज झाले. पण सेबीच्याच अहवालात आहे की ९३ टक्के लोकांचं असंच होतं, तू काही एकटा नाहीस. जे झालं ते झालं. मी तुला मनापासून माफ करतो. आता पुढे बघ."

वाचलं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पहिल्यापेक्षा जास्त घाण वाटतं. पत्रात काय चुकतंय? की ही पत्रं असलीच असतात?

अर्धा_कप_चहा
प्रिय स्वतःस, हा धागा रंगणार. खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलोय.

भाऊ_सातारकर
माफीपत्राचा नमुना माझ्याकडे तयार आहे. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांच्या नावे लिहायचं, कर्ज का थकलं ते दोन ओळींत, उत्पन्नाचा पुरावा जोडायचा आणि एकरकमी तडजोडीची विनंती करायची. पण एक लक्षात ठेवा, तडजोड केली की सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्जाला तो नडतो. जमत असेल तर पूर्ण फेडून 'क्लोज्ड' करून घ्या. व्यनि करा, नमुना पाठवतो.

अर्धा_कप_चहा
भाऊ, माफी स्वतःला मागायची आहे, बँकेला नाही.

भाऊ_सातारकर
मग पत्र कशाला? पोस्टाचा खर्च.

ऋतुगंध
लेखकाला मनापासून शुभेच्छा. स्वतःला माफ केलं की माणूस तीच चूक पुन्हा करत नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालंय. कॅनडात विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला होता. ज्यांनी स्वतःला माफ केलं ते पुढच्या वेळी सुधारले. त्यामुळे पत्र खोटं वाटलं तरी रोज वाचत राहा, हळूहळू खरं होईल.

न्यूजर्सीकर
माझा अनुभव सांगतो. २०१९ मध्ये घटस्फोट झाला, नंतरचं वर्ष मी बाटलीत काढलं. इकडच्या थेरपिस्टनं लिहायला सांगितलं, पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे. रोज १५-२० मिनिटं, सलग तीनचार दिवस, मनातलं सगळं. व्याकरण बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. मी शहाणा, चार दिवसांवर थांबलोच नाही. वर्षभर दर रविवारी लिहीत बसलो. परवा ती वही उघडली. बावन्न रविवार तेच रडगाणं, फक्त शाईचा रंग बदललेला. लिहून मोकळं होतात म्हणे. मी लिहून लिहून त्यातच रुतलो. तेव्हा लेखका, एक पत्र लिही आणि वही मीट. रोज वाचायचा सल्ला अजिबात ऐकू नकोस.

घाटावरचा
अमावास्येला लिहायचं, जाळायचं आणि राख मुळा-मुठेत सोडायची. नदीला तेवढ्यानं काही फरक पडत नाही.

शमाताई
उशिरा येतेय, धागा आत्ता वाचला. मी २२ वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते, आता निवृत्त. अशी पत्रं शेकड्यांनी वाचली आहेत. म्हणून जरा लांबण लावते.

कोरा कागद, तुमचं पत्र मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक क्रियापदाला विचारा, हे कोणी केलं? "निर्णय चुकले." "पैसे गेले." "गैरसमज झाले." "जे झालं ते झालं." एकाही वाक्यात करणारा माणूस नाही. पैसे आपणहून चपला घालून निघून गेले. संपूर्ण पत्रात कर्ता असलेलं वाक्य एकच, "मी तुला माफ करतो". म्हणजे माफ करणारा हजर आणि ज्यानं केलं तो गायब. मग माफी देताय कोणाला? दहा मिनिटांत बरं वाटणं ओसरतं ते यामुळे.

आपली मराठी या बाबतीत फार लाड करते. पोराच्या हातून बरणी पडली की ते "बरणी फुटली" म्हणतं, "मी फोडली" म्हणत नाही. केंद्रात आलेला माणूस पहिल्या आठवड्यात "दारू लागली" म्हणतो, जणू ठेच लागली. "मी पीत होतो" यायला कधी कधी महिना जातो. मी त्यांना वहीत 'झालं', 'गेलं', 'चुकलं'च्या खाली लाल रेघ मारायला सांगायचे आणि तीच वाक्यं 'मी'नं सुरू करून पुन्हा लिहायला लावायचे. गरीब बिचारा उपाय आहे, पण लिहिताना माणसाचा हात थांबतो. जिथं थांबतो तिथंच पत्र लिहायचं असतं.

तुमच्या पत्रात माझ्या मते ती जागा "घरात थोडे गैरसमज" ही आहे. ते काय होतं हे इथं सांगायची सक्ती नाही. स्वतःच्या कागदावर मात्र लिहा.

ऋतुगंध, तुम्ही म्हणता तो अभ्यास मला माहीत आहे. कार्लटन विद्यापीठातला, २०१० चा. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्या मुलांपैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. हे खरं. पण त्याच संशोधकानं, वोल त्याचं नाव, पुढच्या वर्षी सिगारेट ओढणाऱ्यांबद्दलही अभ्यास छापला आणि तिथं उलटं निघालं. ओढत असतानाच ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची सोडायची तयारी कमी दिसली. साहजिक आहे. टोचणीच काढून टाकली तर माणूस हलेल कशाला? संपलेल्या गोष्टीची माफी एक, आणि चालू असलेल्या गोष्टीची माफी वेगळीच.

म्हणून एकच प्रश्न विचारते. ट्रेडिंग बंद केलंय का? म्हणजे खातं बंद, की फक्त ॲप उघडत नाही?

ऋतुगंध
ताई, दुसरा अभ्यास माहीत नव्हता. तरी मला वाटतं प्रेमानं बोलण्यात तोटा नाही.

शमाताई
प्रेमानं बोलण्यात काहीच तोटा नाही. लबाडीनं बोलण्यात आहे.

गणिती_गोंधळ
मी पेशानं सीए, भावनांचा कच्चा. मला दोन गोष्टी खटकल्या.

एक, "अकरा लाख घालवले". हा आकडा आला कुठून? दोन, रिटर्न भरलंय का? ऑप्शनमधला तोटा हा धंद्याचा तोटा धरतात, सट्ट्याचा नाही. पगारातून तो वजा होत नाही, पण मुदतीत रिटर्न भरलं तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या उत्पन्नासमोर धरता येतो. आयटीआर-३ लागेल. मुदत चुकली की हा हक्क गेला. लाजेपोटी ब्रोकरचा रिपोर्टच न उघडणारे माझ्याकडे दरवर्षी दोनचार येतात.

कोरा_कागद
ताई, तुमचा प्रतिसाद दुपारी कंपनीत वाचला आणि जेवणाचा डबा तसाच बंद केला.

नाही, खातं बंद नाही. १८,००० शिल्लक आहेत आणि एफ अँड ओ चालू आहे. आठवड्याच्या एक्स्पायरीला सव्वातीन वाजता हात आपोआप फोनकडे जातो. गेल्या महिन्यात दोनदा 'फक्त बघायला' ॲप उघडलं. ट्रेड केला नाही, शपथ.

सीए साहेब, बरोबर बोललात, रिपोर्ट उघडलेला नाही. अकरा लाख म्हणजे मी जिथून जिथून पैसे उचलले त्याची बेरीज : बचत ६,४०,०००, पीएफ २,१०,०००, मित्राकडून १,००,००० आणि सोन्यावरचं कर्ज १,८०,०००.

आणि "थोडे गैरसमज" म्हणजे ते सोनं. बायकोच्या पाटल्या आहेत. तिला माहीत नाही.

अर्धा_कप_चहा
शेंगदाणे बाजूला ठेवले.

गणिती_गोंधळ
बेरीज ११,३०,००० होते, ठीक. आता वर्षभर घर कशावर चाललं ते सांगा. भाडं, किराणा, वीज?

कोरा_कागद
याच पैशांवर. महिन्याला साधारण ३०,००० मी द्यायचो, बाकी बायकोच्या पगारातून.

गणिती_गोंधळ
म्हणजे १२ महिन्यांचे ३,६०,००० घरखर्चाला गेले आणि १८,००० खात्यात पडून आहेत. बाजारात घातलेले ७,५२,०००. ब्रोकरच्या साइटवर टॅक्स पी अँड एल उतरवून घ्या, आकडा याच्या आसपास यायला हवा. त्यात ब्रोकरेज, एसटीटी वगैरे वेगळं दिसेल. तेही बघा, बऱ्याच जणांना धक्का तिथंच बसतो.

हा तुमच्या बाजूनं बोलण्याचा प्रयत्न नाही. हिशेब चुकीचा आहे, एवढंच. पत्रात ११ लिहिलं तर तेही खोटंच.

शमाताई
गोंधळसाहेब, कच्चे म्हणता आणि नेमकं बोट ठेवलंत. शरमेत माणूस दोन्हीकडे खोटं बोलतो. पाटल्यांचा 'गैरसमज' करतो आणि सात लाखांचे अकरा करतो. एकीकडे लपवतो, दुसरीकडे फुगवतो. दोन्हीत खरी वस्तू नजरेआड होते.

नीलाक्षी
मी दुसऱ्या बाजूनं बोलते. माझ्या नवऱ्यानं २०२१ मध्ये हेच केलं, क्रिप्टोमध्ये. रक्कम यापेक्षा कमी होती. मला कसं कळलं माहितीये? सोनं लिलावात काढणार असल्याची नोटीस घरी आली आणि कुरियरवाल्याकडून ती मीच सही करून घेतली. त्याच्या आधी सहा महिने तो रोज संध्याकाळी ध्यान करायचा, 'स्वतःला स्वीकारायचा'. मला वाटायचं, काय बाई शहाणा होत चाललाय.

पैसे गेल्याचा राग वर्षभरात निवला. त्यानं स्वतःला आधी माफ करून टाकलं आणि मला नंतर कळलं, याचा राग अजून आहे. माझी माफी मागायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्याचं समाधान होतं. मी तेव्हा कुठे सुरुवात करत होते.

कोरा कागद, पाटल्या कधी ठेवल्या?

कोरा_कागद
६ जानेवारीला. संक्रांतीनंतर तिच्याकडे हळदीकुंकू होतं, तेव्हा तिनं पाटल्या मागितल्या. मी म्हणालो लॉकरची किल्ली नाशिकला बाबांकडे राहिली. तिनं बेन्टेक्सच्या घातल्या. पदरानं मनगट झाकून वाण देत होती. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून दाराच्या फटीतून बघत होतो.

हे मी आजपर्यंत कुठंच लिहिलं नव्हतं.

नीलाक्षी
पत्र इथून सुरू होतं.

घाटावरचा
विनोद मागे घेतो. पण एक व्यावहारिक विचारू? आत्ता सांगून घरात आग लावण्यापेक्षा चारसहा महिन्यांत पाटल्या गुपचूप सोडवून परत ठेवल्या तर? तिला त्रास नाही, संसार शाबूत. सांगून फक्त ह्याचं ओझं तिच्या डोक्यावर जाईल.

नीलाक्षी
आणि या सहा महिन्यांत तिच्या भावाचं लग्न निघालं तर? दुसऱ्यांदा किल्ली नाशिकला?

घाटावरचा
तेही खरं. तरी प्रत्येक खरं बोललंच पाहिजे असं मला नाही वाटत.

शमाताई
घाटावरचे अगदीच चूक नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत आठवी आहे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि नववी त्यांची प्रत्यक्ष भरपाई करायची. पण नवव्या पायरीतच अट आहे, तसं केल्यानं त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. या अटीवर केंद्रात तासन्‌तास वाद व्हायचे, कारण भित्रा माणूस तिच्याच आडोशाला बसतो. मी त्यांना विचारायचे, न सांगण्यानं सांभाळतोयस कोणाला, तिला की स्वतःला? इथं वस्तू तिची आहे आणि व्याज चालू आहे. माझं मत, सांगावं. पण घर त्यांचं आहे.

पत्रापुरतं मात्र मला पक्कं सांगता येतं. गेल्या वर्षाचे दोन ढीग करा. एका ढिगात तुम्ही स्वतःचं केलेलं नुकसान : नोकरी, झोप, सुटलेले मित्र, स्वतःची बचत. हे तुमचं, हे माफ करायचा अधिकार तुमचा. दुसऱ्या ढिगात पाटल्या, मित्राचे एक लाख, किल्लीचं खोटं. हा ढीग पत्रात लिहायचा, पण त्याच्यापुढे 'माफ' लिहायचं नाही. काय करणार आणि किती तारखेला, ते लिहायचं. लोक दोन्ही ढीग एकत्र करून वर एक माफीची चादर टाकतात. तुमच्या पहिल्या मसुद्यात तेच झालंय.

जिनदत्त_कोल्हापूर
शमाताईंच्या दोन ढिगांवरून आठवलं. आमच्यात पर्युषणानंतर क्षमावाणीला सगळे एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात. लोकांना तेवढंच माहीत, आणि आता व्हॉट्सॲपवर एक चित्र दोनशे जणांना ढकललं की झालं. पण त्याआधी प्रतिक्रमण असतं आणि त्यात आलोचना, म्हणजे आपला दोष जसा घडला तसा, न वाढवता न कमी करता गुरूंसमोर बोलायचा. मग ते प्रायश्चित्त देतात. आजोबा सांगायचे, दोष कमी करून सांगणं हा वेगळा दोष. सीए साहेबांचा मुद्दा वाचून हसू आलं, वाढवून सांगणंही तसंच धरायला हवं.

स्वतःच स्वतःला क्षमा करायची अशी रीत मी आमच्यात तरी पाहिलेली नाही. सांगायला समोर कोणीतरी लागतं. एकट्यानं बंद खोलीत पत्र लिहिणं मला म्हणून थोडं अपुरं वाटतं.

ऋतुगंध
पण समर्थांनी मनाचे श्लोक मनालाच उद्देशून लिहिले की. २०५ श्लोक, त्यातले कितीतरी 'मना' म्हणून हाक मारून. स्वतःशी 'तू'नं बोलण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे.

जिनदत्त_कोल्हापूर
तो उपदेश आहे, माफी नाही. पण 'तू'चा मुद्दा मान्य.

शमाताई
'तू' उपयोगी पडतो. 'मी'नं लिहिताना माणूस एक तर वकील होतो, नाही तर फाशी देणारा. 'तू'नं लिहिलं की थोडं अंतर पडतं, लहान भावाशी बोलावं तसं. पण 'प्रिय स्वतःस' नको, ते शाळेच्या पत्रलेखनासारखं वाटतं. घरात ज्या नावानं हाक मारायचे ते घ्या. आणि लाल रेघेचा नियम तोच, 'तुझ्याकडून झालं' नाही, 'तू केलंस'.

९३ टक्क्यांबद्दलही राहिलं. तो आकडा पत्रात असू दे, पण जागा बदला. तुम्ही तो 'माफ करतो'च्या आधी टेकू म्हणून लावलाय. 'इतर लोकही याच खड्ड्यात आहेत' हे कळणं चांगलं, माणूस स्वतःला जगावेगळा राक्षस समजायचा थांबतो. पण बाकीच्यांनी तुमच्या बायकोच्या पाटल्या ठेवल्या नव्हत्या.

आणखी एक सरळ विचारते, वाईट वाटून घेऊ नका. रात्री तीनला जाग येते तेव्हा जीव द्यायचे विचार येतात का? इथं उत्तर नको. येत असतील तर पत्र बाजूला ठेवा आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पत्र हे औषध नाही.

कोरा_कागद
ताई, मार्चमध्ये आले होते. आता नाही. नंबर ठेवलाय.

एक विचारायचं राहिलं. गेले चार महिने मी जमिनीवर झोपतो. नवीन बूट घेतले नाहीत, पावसात फाटक्यांतून पाणी जातं. वाढदिवसाला केक कापू दिला नाही. बायकोला वाटतं काटकसर. पण मला आतून माहितीये की ही शिक्षा आहे. माफ केलं की हे बंद करायचं का?

नीलाक्षी
तुम्ही जमिनीवर झोपून तिच्या पाटल्यांचा एक मणीही सुटत नाही. नवीन बूट नक्की घ्या. न्यूमोनिया झाला तर रात्रभर उशाशी तीच बसणार.

शमाताई
नीलाक्षींनी माझं काम केलं. शिक्षा भोगली की फेड केल्यासारखं वाटतं. ज्याचं देणं आहे त्याला मात्र पै मिळत नाही. केंद्रात असे बरेच यायचे, उपास धरणारे, दाढी वाढवणारे. घरी विचारलं तर बायको म्हणायची, दाढीचं राहू द्या, मुलाची फी भरायला सांगा.

गणिती_गोंधळ
अवांतर : पाटल्यांना मणी नसतात.

नीलाक्षी
कळलं हो.

न्यूजर्सीकर
धाग्याला आठवडा झाला. लेखक आहेत का?

कोरा_कागद
आहे. जरा लांब लिहितो.

शनिवारी रिपोर्ट उतरवला. तोटा ७,४९,०००, त्यात ६१,००० नुसते चार्जेस. गोंधळसाहेब, तुमचा अंदाज तीन हजारांनी चुकला. त्याच दिवशी ब्रोकरच्या साइटवर एफ अँड ओ सेगमेंट बंद केला. वाटलं होतं मोठं काही होईल, पण एक ओटीपी आला आणि झालं. १८,००० मित्राला पाठवले, उरलेल्या ८२,००० चं त्याच्याशी बोललो.

मग रविवारी पहाटे स्वयंपाकघरात बसून दुसरं पत्र लिहिलं. आजी मला बंड्या म्हणायची. त्यातला थोडा भाग देतो, सगळं नाही :

"बंड्या, ३ जूनला तू राजीनामा दिलास. इन्क्रिमेंट कमी आली म्हणून घरी सांगितलंस, पण खरं कारण ते नव्हतं. चार महिन्यांत तू बाजारातून १,१०,००० कमावले होतेस आणि तुला वाटलं तुला जमतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पटकन जमलं होतं. त्याचा मोह तुला पडला, हे मला समजतं. ते मी माफ करतो.

सप्टेंबरमध्ये सेबीचा अहवाल आला, तू तो वाचलास. ९३ टक्के लोक तोट्यात. तू मनात म्हणालास, मग मी उरलेल्या सातांत. तेव्हा तू दोन लाख तोट्यात होतास. हेही मी माफ करतो, पण हसून.

निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला. तेवढाच पॉइंट उलटा गेला तरी तोटा तिप्पट होणार, हे गणित तू स्वतः वहीत मांडलंस. थांबायची वेळ ती होती. तू थांबला नाहीस, ६ जानेवारीला तिच्या पाटल्या घेऊन गेलास. सोनाराच्या काट्यावर ठेवताना त्यातली एक तू पुसलीस, आत पीठ अडकलं होतं, तिनं कणीक मळताना काढली नव्हती म्हणून. ते तुला दिसलं आणि तरी तू सही केलीस. हे माफ करायचा अधिकार माझा नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर तिला सांगायचं. पावती समोर ठेवायची. 'झालं' म्हणायचं नाही, 'केलं' म्हणायचं."

सांगितलं. "मी ठेवल्या" म्हणालो. ती बराच वेळ पावती वाचत होती, पाठीमागच्या अटींसकट. मग विचारलं, "किल्लीचं खोटं होतं ना?" हो म्हणालो. ती उठली, भांडी घासली, मोलकरीण येते तरी घासली. रात्री आईकडे गेली. मंगळवारी परत आली. अजून फक्त कामापुरतं बोलते. व्याजाचा तक्ता तिनंच एक्सेलमध्ये केलाय आणि फ्रिजवर लावलाय.

बरं वाटतंय का? माहीत नाही. पहिल्या पत्रानंतर दहा मिनिटं वाटायचं तसं अजिबात नाही. काल रात्री मात्र तीनला जाग आली नाही, साडेपाचला आली.

घाटावरचा
माझा सल्ला ऐकला नाहीस, बरं केलंस. की नाही, देव जाणे. सांभाळ.

जिनदत्त_कोल्हापूर
कणकेचं वाचून थांबलो. आलोचना अशीच असते.

नीलाक्षी
तक्ता फ्रिजवर लावलाय म्हणजे ती राहणार आहे. निदान मी लावला होता तेव्हा राहणार होते. पण तिच्याकडे 'माफ केलंस का' असं विचारायला जाऊ नका. वर्षभर तरी नाही.

शमाताई
पत्राचा उरलेला भाग तुमच्यापाशीच ठेवा. एक दुरुस्ती सुचवू? "पण हसून" काढा. तिथं तुम्ही अजून स्वतःला चापट मारताय.

कोरा_कागद
काढलं.

ऋतुगंध
आणि बूट?

कोरा_कागद
घेतले. ८९९ चे. ती म्हणाली, पावती ठेव.

भाऊ_सातारकर
आत्ता सगळं वाचलं. सोन्यावरचं कर्ज म्हणजे तडजोडीच्या भानगडीत पडू नका, मुद्दलात मधून मधून भरणा करता येतो का ते आधी विचारा, म्हणजे व्याज उतरतं. पाटल्या कधी सुटणार?

कोरा_कागद
विचारलं, चालतं म्हणाले. पहिला भरणा पगाराच्या दिवशी, ७ तारखेला. ती म्हणतेय मी पण येणार.